एमसीबी असूनही शॉक का बसतो?

पेणमध्ये पावसाळा म्हणजे गणपतीच्या कारखान्यांची घाई. अनेकांचे काम घराच्या पडवीतच चालते. जमीन ओली, हात मातीचे आणि शेजारी मूर्ती वाळवायला लावलेला पंखा. पंख्याच्या बॉडीत करंट उतरला आणि ओला हात लागला, तर शरीरातून १५० मिलीअँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. जीव जायला तेवढा पुरतो. मात्र १६ अँपिअरच्या, म्हणजे १६,००० मिलीअँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे काम आरसीसीबीचे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत येतो का, हे तो पाहतो. घरासाठी तो ३० मिलीअँपिअरचा घ्यावा. तेवढी गळती होताच क्षणार्धात वीज तोडतो.

एमसीबी वायरला वाचवतो. पेण असो वा रोहा, ‘सारखा पडतो’ म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवणारे भेटतातच. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरवर हे केले, तर एमसीबी पडण्याआधी वायरच तापून वितळेल. पडणारा एमसीबी तक्रार सांगत असतो. त्याचे तोंड बंद करणे हा इलाज नव्हे.

दर महिन्याच्या एक तारखेला, वीज सुरू असताना, आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. नाही पडला, तर वायरमनकडून तपासून बदलून घ्या. या बटणाने अर्थिंग मात्र तपासले जात नाही. ते मीटर लावून वेगळे मोजावे लागते.