विश्लेषण : अपघात घटले म्हणजे सुरक्षा सुधारली का?

नवी मुंबईतील सारसोळे हे खाडीलगतचे जुने आगरी-कोळी गाव. पाम बीच मार्गापासून जुईनगर-नेरुळच्या रेल्वेरुळांपलीकडे गेले की शिरवणे, तुर्भे, पावणे असा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा सुरू होतो. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांच्या फाटकावर एक फलक दिसतो. ‘अपघाताविना इतके दिवस’ असे त्यावर लिहिलेले असते आणि आकडा रोज एकाने वाढतो. ‘आमची सुरक्षा सतत सुधारते आहे’ याचा पुरावा म्हणून हाच फलक पुढे केला जातो. पण छोट्या-मध्यम कारखान्यात हा पुरावा टिकत नाही. सुधारणा दाखवायची जागा वेगळी आहे.

निरंतर सुधारणा म्हणजे नेमके काय?

व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा व्यवस्थापनाचे आयएसओ ४५००१ हे आंतरराष्ट्रीय मानक मार्च २०१८ मध्ये आले. त्याची मांडणी चार टप्प्यांच्या चक्रावर आहे. आधी धोका ओळखून उपाय ठरवायचा, मग तो अमलात आणायचा, तो खरोखर चालतो का हे तपासायचे आणि तपासणीत जे सापडले त्यानुसार व्यवस्था बदलायची. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘पीडीसीए’ म्हणतात. या विचाराचे मूळ अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांच्या कामात आहे. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० पासून जपानमध्ये दिलेल्या व्याख्यानांमुळे तो कारखान्यांत रुजला. तिसऱ्या टप्प्याला ‘चेक’ म्हणणे डेमिंग यांना पुढे खटकू लागले. ते ‘स्टडी’ म्हणत, कारण केवळ खूण करणे आणि निकालाचा अभ्यास करणे यांत फरक आहे. निरंतर म्हणजे सगळीकडे एकाच वेळी अखंड सुधारणा असे मानकही म्हणत नाही. पुन्हा पुन्हा, टप्प्याटप्प्याने होणारी सुधारणा त्याला पुरते.

मग अपघातांचा आकडा का पुरत नाही?

एक उदाहरण घेऊ. समजा, पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ६० कामगार आहेत. प्रत्येकाचे वर्षाला २,४०० तास धरले तर एकूण १,४४,००० मनुष्यतास होतात. गेल्या वर्षी कामाचे दिवस बुडवणारे तीन अपघात झाले, यंदा एक झाला. अपघातांची वारंवारिता दर दहा लाख तासांमागे मोजतात. ती २०.८ वरून ६.९ वर आली. सादरीकरणात ही ‘दोन-तृतीयांश घट’ झळकते.

पण समजा, कारखान्यात काहीच बदललेले नाही आणि वर्षाला सरासरी तीन अपघात हीच तेथील खरी स्थिती आहे. तरीही निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी एक किंवा शून्य अपघात होण्याची शक्यता सुमारे २० टक्के असते. म्हणजे दर पाच वर्षांत एकदा हा कारखाना काही न करता ‘सुधारलेला’ दिसेल. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा तीनवर गेला की कामगारांच्या बेफिकिरीवर खापर फुटेल, तेही तितकेच निराधार असेल.

दुसरी अडचण मोजणीची आहे. कंत्राटी कामगाराचा अपघात कंत्राटदाराच्या खात्यात टाकला, किंवा पट्टी बांधलेल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी हजेरीपुरते बोलावून बसवून ठेवले, की फलक शाबूत राहतो. मानकाच्या व्याख्येत मात्र कंत्राटी कामगारही कामगारच आहे.

चक्र प्रत्यक्षात कसे फिरते?

त्याच कारखान्यातील एकच धोका पाहू. पॉवर प्रेसच्या डायमध्ये हात अडकून बोटे जाणे हा तो धोका. समजा, तेथे आठ प्रेस आहेत. नियोजनाच्या टप्प्यावर पहिला प्रश्न प्रेस कोणत्या क्लचचा आहे हा असतो. जुन्या चावी-क्लचच्या प्रेसमध्ये एकदा पॅडल दाबले की फटका पूर्ण होईपर्यंत रॅम मध्येच थांबवता येत नाही. अशा प्रेसवर ‘लाइट कर्टन’ म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा लावून उपयोग नाही. हात आल्याचे त्याला कळेल, पण रॅम थांबणार नाही. तेथे हात आत जाऊच नये अशी बंदिस्त डाय किंवा पक्के गार्ड हवे. हवेच्या दाबावरील घर्षण-क्लचच्या प्रेसवर मात्र पडदा काम करतो. आठपैकी तीन प्रेस पहिल्या प्रकारचे आणि पाच दुसऱ्या प्रकारचे आहेत, असे धरू. तीनवर गार्ड आणि पाचवर पडदे बसवले की अंमलबजावणीचा टप्पा झाला. बहुतेक फायली इथेच बंद होतात.

पडदा किती अंतरावर लावायचा याचे गणित ठरलेले आहे. हात सेकंदाला २,००० मिलिमीटर वेगाने येतो असे धरतात. पडदा बारीक, म्हणजे १४ मिलिमीटरचे बोटही टिपणारा असेल, तर या वेगाला पडदा व प्रेस मिळून थांबायला लागणाऱ्या वेळाने गुणले की किमान अंतर मिळते. हा वेळ ०.१५ सेकंद असेल तर अंतर ३०० मिलिमीटर येते. कारखान्याने पडदे ३२० मिलिमीटरवर बसवले. म्हणजे त्या दिवशी सगळे बरोबर होते.

तपासणीत काय सापडते?

सहा महिन्यांनी थांबण्याचा वेळ पुन्हा मोजला, तेव्हा एका प्रेसवर तो ०.१९ सेकंद भरला. ब्रेकचे अस्तर झिजले होते. आता किमान अंतर ३८० मिलिमीटर हवे आणि पडदा ३२० वरच आहे. दिवा हिरवा आहे, पडदा चालू आहे, तपासणी-यादीत ‘पडदा आहे’ यापुढे खूणही झाली असती. तरी हात रॅमच्या आधी डायमध्ये पोहोचू शकतो. नुसते पाहणे आणि मोजणे यांतला फरक हा आहे.

रात्रपाळीत पूर्वसूचना न देता मारलेल्या फेरीत आणखी दोन गोष्टी दिसल्या. दोन प्रेसवरचे पडदे बायपास करून ठेवले होते. डाय बसवताना ते बंद करावे लागत आणि बायपासची किल्ली दिवसभर प्रेसलाच लटकलेली असे. एका चावी-क्लच प्रेसचे गार्ड काढून बाजूला उभे केले होते, कारण त्या कामात तुकडा डायला चिकटे आणि तो बोटाने काढावा लागे. गार्ड लावले तर पाळीचा ठरलेला नग-आकडा गाठता येत नव्हता.

खरी परीक्षा चौथ्या टप्प्यावर

अनेक कारखान्यांच्या सुधारणा-अहवालात इथे एकच वाक्य येते : ‘ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले.’ चक्र इथेच मोडते. गार्ड काढायचे नसते हे ऑपरेटरला ठाऊक होते. तुकडा चिकटतो हे नियोजन करणाऱ्याला ठाऊक नव्हते. त्यामुळे बदल नियोजनात व्हायला हवा. तुकडा हवेच्या फवाऱ्याने उडेल अशी सोय डायमध्ये करणे, ती होईपर्यंत त्या कामाचा नग-आकडा कमी करणे, बायपासची किल्ली फक्त सेटरच्या ताब्यात ठेवणे, ब्रेकचे अस्तर बदलून थांबण्याचा वेळ पुन्हा मोजणे असे हे बदल आहेत. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. मोजणी सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी करायची, आणि ती एकाच नव्हे तर पाचही प्रेसवर. एक प्रेस दुरुस्त करणे ही दुरुस्ती झाली. झीज लवकर पकडता येईल अशी मोजणीची पद्धत बदलणे ही व्यवस्थेची सुधारणा झाली.

सुधारणा दाखवायची कशी?

लेखापरीक्षकाने किंवा कारखान्याच्या सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधीने अशा वेळी एकच धोका निवडावा आणि त्याचा कागदोपत्री माग काढावा. धोक्यांच्या नोंदवहीत त्या प्रेसची नोंद आधी काय होती आणि कोणत्या तारखेला बदलली? बदलामागे कोणती मोजणी किंवा फेरी होती? व्यवस्थापनाच्या आढावा बैठकीत त्यावर पैसे आणि मुदत मंजूर झाली का? उपाय केल्यावर तो चालला का, हे कोणी पुन्हा तपासले? आणि शेवटी प्रेसवर जाऊन ऑपरेटरला विचारावे, हे बदलले तेव्हा तुम्हाला विचारले होते का? या पाचांपैकी एक दुवा जरी तुटला, तरी चक्र फिरलेले नाही.

दोन खुणा लगेच ओळखू येतात. वर्षभराच्या अंतर्गत तपासणीत एकही त्रुटी न सापडणे ही वाईट खूण आहे. आणि नवी पद्धत सुरू झाल्यावर ‘थोडक्यात वाचलो’ अशा घटनांच्या नोंदी वाढणे ही बहुधा चांगली खूण आहे. त्या घटना आधीही घडत होत्या, आता कामगार त्या सांगू लागले आहेत. या वाढीवर दंड किंवा ओरडा केला की नोंदी आटतात, धोका तसाच राहतो.

याची मर्यादा कोणती?

प्रेसवरील बोटांचे चक्र नीट फिरले म्हणून रसायनाची टाकी सुरक्षित ठरत नाही. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या बीपी तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेकर समितीने २००७ मध्ये हेच बोट दाखवले. कंपनी वैयक्तिक दुखापतींचे घटलेले प्रमाण सुरक्षेचे माप मानत होती. प्रक्रियेतील धोक्याकडे मात्र त्या मापातून पाहताच येत नव्हते. घरापाशीही हे दिसते. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला आणि आठ वर्षांनी, मे २०२४ मध्ये, त्याच वसाहतीत दुसरा. एका कारखान्याच्या दुर्घटनेतून शेजारच्या कारखान्याची नोंदवही बदलत नसेल, तर औद्योगिक वसाहतीचे म्हणून चक्र फिरतच नाही.

रासायनिक प्रक्रियेसाठी वेगळी मापे लागतात. सुरक्षा झडपांची चाचणी वेळेवर झाली का, तापमानाचा इशारा किती वेळा वाजला आणि किती वेळा दाबून टाकला, जोडण्यांतून गळती किती झाली, ही ती मापे. चार टप्पे तेच राहतात, मोजायची गोष्ट बदलते.

म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील फाटकांवरचा फलक काढून टाकायची गरज नाही. त्याच्या शेजारी दुसरा लावावा. या तिमाहीत तपासणीत काय चुकीचे सापडले, त्यामुळे कोणती पद्धत बदलली आणि ती चालते का हे कोणत्या तारखेला पाहिले, एवढे तीन रकाने त्यावर पुरेत. तो फलक सलग दोन तिमाही कोरा राहिला, तर पहिल्या फलकावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायला जागा उरत नाही.