बेरीज कोठे थांबवावी?

गतवर्षी अकरावीच्या एका विद्यार्थ्याने मोठ्या उत्साहाने मला एक कागद आणून दाखविला. १, १/४, १/९, १/१६ अशी पूर्ण संख्यांच्या वर्गांच्या व्यस्तांची श्रेणी त्याने संगणकाकडून दहा लक्ष पदांपर्यंत मिळवून घेतली होती. कागदावर उत्तर होते १.६४४९३३०६६८. "अनंत पदांची बेरीज हीच," तो म्हणाला. मी विचारले, "कशावरून?" त्याने उत्तर दिले, "सर, आता नवे पद मिळविले तरी दहावा अंकसुद्धा हलत नाही."

त्याचे निरीक्षण खरे होते. निष्कर्ष मात्र चुकीचा होता. खरी बेरीज १.६४४९३४०६६८ आहे. दोन्ही संख्या शेजारी लिहून पाहा, म्हणजे सहाव्या दशांश स्थळीच त्या वेगळ्या झाल्याचे दिसेल. दहा लक्षावे पद ०.०००००००००००१ एवढे क्षुद्र आहे, म्हणून ते मिळविल्याने दहावा अंक हलत नाही. पण त्याच्या मागे उभी असलेली पदे अगणित आहेत, आणि त्या सर्वांची मिळून बेरीज ०.००००० १ म्हणजे एक दशलक्षांश भरते. थेंब लहान आहे म्हणून तळे रिकामे आहे असे ठरत नाही. "अंक हलेनासे झाले म्हणजे उत्तर आले" हा आपल्या वर्गांतून रुजलेला समज मला घातक वाटतो. बेरजेबरोबरच, जे मिळवावयाचे राहिले त्याचा हिशेब देता आला पाहिजे. तो दिल्यावाचून उत्तराला गुण देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हा हिशेब कसा द्यावा, हे या लेखात सांगावयाचे आहे.

१/क्ष² चा आलेख काढा. क्ष = १०, ११, १२ येथे उभ्या रेषा काढल्या म्हणजे वक्राखाली एकेक रुंदीच्या पट्ट्या पडतात. प्रत्येक पट्टीची वरची दोन टोके सरळ रेषेने जोडली की एक समलंब चौकोन मिळतो व त्याचे क्षेत्रफळ दोन्ही बाजूंच्या उंचीच्या सरासरीइतके असते. असे सर्व चौकोन मिळविले तर मधली प्रत्येक उंची दोनदा अर्धी, म्हणजे एकदा पूर्ण, मोजली जाते. दोन टोकांच्या उंची मात्र अर्ध्याच मोजल्या जातात. तेव्हा आपल्याला हवी असलेली बेरीज म्हणजे सर्व चौकोनांचे क्षेत्रफळ अधिक टोकाच्या पदांचा अर्धा भाग. आता चौकोनांच्या जागी वक्राखालचे खरे क्षेत्रफळ घेतले, म्हणजेच संकलन केले, तर काय चूक होईल एवढाच प्रश्न उरतो.

वक्र अगदी साधा असता, समजा त्याची उंची क्ष² असती, तर ० ते १ या पट्टीत चौकोनाचे क्षेत्रफळ १/२ व वक्राखालचे १/३ आले असते. फरक १/६. या पट्टीत वक्राचा चढ ० पासून २ पर्यंत वाढतो. म्हणजे फरक हा चढात पडलेल्या बदलाचा बारावा भाग आहे. दुसरा कोणताही सावकाश वळणारा वक्र एका लहान पट्टीत जवळजवळ असाच वागतो. म्हणून तेथेही चूक चढातील बदलाच्या बाराव्या भागाइतकीच, थोड्या अंतराने, असते.

आता या युक्तीचे मर्म पाहा. पहिल्या पट्टीच्या शेवटचा चढ हाच दुसऱ्या पट्टीच्या आरंभीचा चढ असतो. व्यापाऱ्याच्या वहीत एका पानाची अखेरची शिल्लक पुढच्या पानाची आरंभीची शिल्लक होते, तसेच हे. सर्व पट्ट्यांतील बदल एकत्र केले की मधले सारे चढ एकमेकांस छेदून जातात, आणि राहतात ते केवळ पहिल्या व शेवटच्या टोकाचे चढ. चढ म्हणजेच पहिला विकलज. एक हजार पट्ट्यांची चूक दोन टोकांवर उभे राहून मोजता येते, ती या कारणाने. बारावा भाग घेऊनही जी बारीक चूक राहते तिचेही असेच होते. ती तिसऱ्या विकलजाच्या टोकांवरील फरकाला ७२० ने भागून, उलट चिन्हाने मिळते. पुढे पाचवा, सातवा असे विकलज येतात. हे सूत्र लेओनार्ड ऑयलर याने १७३० नंतरच्या दशकात शोधले. स्कॉटलंडच्या कॉलिन मॅक्लॉरिनने ते स्वतंत्रपणे शोधून १७४२ साली आपल्या ग्रंथात छापले. म्हणून दोघांचीही नावे त्याला जोडली जातात.

आता आपल्या श्रेणीकडे वळू. पहिली नऊ पदे हाताने मिळवा, बेरीज १.५३९७६७७३११ येते. दहाव्या पदापासून पुढची सारी शेपटी सूत्राने मोजू. दूरच्या टोकाला, अनंताकडे, १/क्ष² व त्याचे सर्व विकलज शून्याकडे जातात. म्हणून हिशेब फक्त १० या टोकाचा. वक्राखालचे क्षेत्रफळ १/१०, म्हणजे ०.१. टोकाच्या पदाचा अर्धा भाग १/२००, म्हणजे ०.००५. चढ उणे २/१००० आहे, त्यामुळे त्याच्या बाराव्या भागाची दुरुस्ती अधिक १/६०००, म्हणजे ०.०००१६६६६६६. तिसऱ्या विकलजाची दुरुस्ती उणे ०.०००००० ३३३३. हे सर्व नऊ पदांच्या बेरजेत मिळविले की १.६४४९३४०६४५ हे उत्तर येते. नऊ पदे व चार छोट्या संख्या. आणि चूक नवव्या दशांश स्थळी दोनांची! केवळ पदे मिळवीत जाऊन एवढी अचूकता हवी असेल तर चाळीस कोटींहून अधिक पदे लागतील.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपण जे पुढचे दुरुस्तीचे पद सोडून दिले ते ०.०००००००० २४ एवढे आहे. प्रत्यक्ष चूक त्याच्या किंचित आतच, ०.०००००००० २३५ इतकी भरते. १/क्ष² सारख्या फलांसाठी हा नियमच आहे : चूक पहिल्या सोडलेल्या पदापेक्षा मोठी नसते व तिचे चिन्हही त्या पदाचेच असते. खरे उत्तर ठाऊक नसतानाही आपल्या उत्तराची चूक किती, हे आपण शपथपूर्वक सांगू शकतो. दहा लक्ष पदे मिळविणाऱ्याला हे सांगता येत नव्हते.

ऑयलरनेही ही बेरीज काढताना दहाच पदे हाताने मिळविली व सूत्राच्या साह्याने वीस दशांश स्थळे गाठली. या श्रेणीची बेरीज पायच्या वर्गाचा सहावा भाग आहे हे त्याने १७३५ साली दाखविले. त्या निष्कर्षाची खातरी अशा आकडेमोडीने पटत गेली.

येथे चाणाक्ष वाचक म्हणेल, "मग नऊ पदे तरी हाताने का मिळवावी? पहिल्या पदापासूनच सूत्र लावावे, आणि दुरुस्त्या हव्या तेवढ्या घ्याव्या." करून पाहा. आता टोक १० नसून १ आहे. दुरुस्त्या अशा येतात : १ + १/२ + १/६ − १/३० + १/४२ − १/३० + ५/६६ − ६९१/२७३० + ७/६ − ३६१७/५१०. एकेक पद मिळवीत गेल्यास बेरीज १, १.५, १.६६७, १.६३३, १.६५७ अशी खऱ्या उत्तराभोवती घोटाळते, पुढे १.६२४, १.७००, १.४४६, २.६१३ अशी भडकते, आणि दहाव्या पदानंतर उणे ४.४७९ होते. सर्व पदे धन असलेल्या श्रेणीची बेरीज ऋण! सूत्र खोटे नाही. पण त्यातील दुरुस्त्या आधी लहान होत जातात व नंतर बेसुमार वाढतात. त्यांची अनंत बेरीज अस्तित्वातच नाही. म्हणून सर्वांत लहान दुरुस्तीपाशी थांबावे. तेवढ्याने भागत नसेल तर दुरुस्त्या वाढवू नयेत. टोक पुढे सरकवावे, म्हणजे आणखी काही पदे हाताने मिळवावी. टोक १० असता दुरुस्त्या तिसाव्याच्या आसपासपर्यंत लहान होत जातात, आणि तेवढी बारीक आकडेमोड आपल्याला कधीच लागत नाही.

दुसरा धोका अधिक लपलेला आहे. पूर्ण संख्यांच्या दरम्यान एकेक पूर्ण आवर्तन घेणारी कोज्येची लाट घ्या, म्हणजे प्रत्येक पूर्ण संख्येवर तिची उंची १ असेल. ० ते १०० पर्यंत उंची मिळविल्यास बेरीज १०१ होते. पण लाटेखालचे क्षेत्रफळ शून्य, दोन टोकांचे अर्धे भाग मिळून १, आणि टोकांवरचे पहिला, तिसरा, पाचवा असे सर्व विकलज शून्य. कितीही दुरुस्त्या घ्या, सूत्र १ हेच सांगत राहील. फल गुळगुळीत आहे, परंतु एका पावलाच्या आत ते पूर्ण झोका घेते, व सूत्र पावलांच्या टोकांवरच उभे असते. म्हणून सूत्र लावण्यापूर्वी आलेख काढावा आणि दोन पूर्णांकांच्या मध्ये फल काय करते ते पाहावे. संशय असल्यास दोन वेगवेगळी टोके घेऊन हिशेब करावा. या लाटेत टोक एका पावलाने पुढे नेले की हाताने मिळविलेले १ वाढते, सूत्राचे १ मात्र तसेच राहते; उत्तर बदलले की फसगत उघडी पडते.

बेरजेच्या अखेरीस दुरुस्ती करण्याची कल्पना आपल्या देशातही जुनी आहे. केरळातील संगमग्रामाच्या माधवाच्या परंपरेत १ − १/३ + १/५ − १/७ ही श्रेणी कोठेही थांबवून शेवटी एक पद जोडण्याची रीत होती. त्या पदाला तेथे संस्कार म्हणत, आणि सोळाव्या शतकातील 'युक्तिभाषा' या मलयाळम् ग्रंथात त्याची उपपत्ती दिलेली आहे. ती श्रेणी आलटून पालटून धन-ऋण असल्याने तेथे क्षेत्रफळाची गरज पडली नाही. पण राहिलेल्याचा हिशेब टोकावर उभे राहून द्यावयाचा, ही दृष्टी तीच.

त्या विद्यार्थ्याचा कागद मी परत दिला व एवढेच सांगितले, की शेवटच्या ओळीखाली दहा लक्षाचा व्यस्त मिळव. त्याने मिळविला, सहावा अंक ३ चा ४ झाला आणि पुढचे सारे अंक जागच्या जागी बसले. दहा लक्ष बेरजांनी जे झाले नव्हते ते एका ओळीने झाले. काही वेळाने तो पुन्हा आला. या वेळी कागदावर उत्तराखाली त्याने आपण होऊन एक ओळ लिहिली होती : "चूक याहून अधिक नाही," आणि पुढे एक संख्या. त्या ओळीला मी पूर्ण गुण दिले.