शब्द कुणाचे मोजायचे?

आपल्या सीमाभागात दोन भाषा येणं ही काही विशेष गोष्ट मानली जात नाही. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही. त्यामुळे कुणी "एवढं जरा मराठीत करून दे" म्हणालं, की आपण चहाच्या कपावर ते करून देतो. मात्र काम छत्तीस पानांचं असेल आणि समोरचा पैसे देणार असेल, तर प्रश्न येतो तो हिशेबाचा. भाषांतर येणाऱ्या पुष्कळांना हा हिशेबच येत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बिदरकडची. लग्न होऊन ती तलमडुगुला गेली. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं हे गाव महाराष्ट्राच्या सीमेजवळ आहे. तिथं मराठी आणि तेलुगू कानावर सारखी पडते, पण कन्नड वाचणारं माणूस विरळा. माहेरच्या ओळखीतून एका पतसंस्थेच्या पोटनियमांची कन्नड पुस्तिका मराठीत करण्याचं काम तिच्याकडे आलं. तिचा फोन आला, "सर, पानाला ६० रुपये म्हणतायत. ३६ पानांचे २१६० होतात. घेऊ का?"

मी विचारलं, "पानावर शब्द किती आहेत, मोजलेस का?"

पान हे माप फसवं असतं. एका पानावर गच्च मजकूर, दुसऱ्यावर नुसता तक्ता, तिसऱ्यावर मथळा आणि सही. छापील पुस्तिकेचे फोटो आले असतील तर संगणक शब्द मोजून देत नाही, तेव्हा हातानं अंदाज काढावा लागतो. भरल्या पानावरच्या दहा ओळींतले शब्द मोजायचे. तिचे ७५ निघाले, म्हणजे ओळीला साडेसात. पानावर ३० ओळी, म्हणजे २२५ शब्द. अशी भरली पानं २०, त्यांचे ४५०० शब्द. तक्त्यांची पानं १०, प्रत्येकी सुमारे १२०, त्यांचे १२००. कोऱ्या अर्जांची पानं ६, प्रत्येकी ५०, त्यांचे ३००. एकूण ६०००. याचा अर्थ २१६० रुपयांत शब्दाला ३६ पैसे पडत होते.

आता वेळ. मी तिला एक भरलं पान खरोखर भाषांतरित करून टंकायला सांगितलं. पाऊण तास लागला, म्हणजे तासाला ३०० शब्द. ६००० शब्दांना २० तास. मग मूळ शेजारी ठेवून पुन्हा वाचायचं, त्याला तासाला हजार शब्द धरले तर ६ तास. शंका विचारणं, शब्द ठरवणं याचे ४ तास. एकूण ३० तास. २१६० भागिले ३०, म्हणजे तासाला ७२ रुपये. तिला तासाला किमान २०० हवे होते. म्हणजे ६००० रुपये, शब्दाला एक रुपया.

इथंच खरी मेख आहे. शब्दाला एक रुपया, पण कुठल्या शब्दाला? कन्नडच्या की मराठीच्या? आपल्या वाचकांना हे लगेच कळेल. कन्नडमध्ये आपण म्हणतो, "अर्जियन्नु तिरस्करिसलागिदे." शब्द दोन. मराठीत, "अर्ज नाकारण्यात आला आहे." शब्द चार. इंग्रजीत, "द ॲप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड." शब्द पाच. कन्नड आणि तेलुगू क्रियापदाच्या शेपटीला सगळं जोडून टाकतात. मराठी थोडं जोडते, थोडं सुटं ठेवते. इंग्रजी बहुतेक सगळं सुटं ठेवते.

तिच्या नमुना पानात २२५ कन्नड शब्दांचे २९२ मराठी शब्द झाले, म्हणजे जवळजवळ १.३ पट. त्या प्रमाणात पुस्तिकेचे ७८०० शब्द होणार. नुसतं "शब्दाला एक रुपया" म्हटलं असतं, तर संस्थेनं ६००० धरले असते आणि हिनं कदाचित ७८००. भांडणाला १८०० रुपयांची जागा! मराठी शब्दांवर दर द्यायचा असेल तर तो ७७ पैसे सांगायचा. रक्कम तीच राहते, फक्त माप बदलतं. मराठीतून इंग्रजी करताना शब्द आणखी फुगतात, उलट दिशेनं आटतात, एवढं ध्यानात ठेवावं.

माझा सल्ला मूळ मजकुराचे शब्द मोजण्याचा. ते काम सुरू होण्याआधी मोजता येतात, दोघांना दिसतात आणि नंतर बदलत नाहीत. भाषांतराचे शब्द मोजले तर बिल शेवटी कळतं. शिवाय "करण्यासाठी" हा एक शब्द "करण्या साठी" असा तोडून संख्या वाढवण्याचा मोह होतो. संगणक शब्द मोजतो तो दोन मोकळ्या जागांमधला. असे तोडलेले प्रत्यय दिसले, तर घेणाऱ्यानं सावध व्हावं. जर्मन भाषेतही शब्द जोडून लांबलचक होतात. तिथं न्यायालयाच्या भाषांतरांचा मोबदला शब्दांवर न धरता ५५ अक्षरखुणांच्या ओळीवर धरतात, मोकळी जागाही त्यात मोजतात.

तिनं ६००० सांगितले. पलीकडून उत्तर आलं, "एवढे जमणार नाहीत ताई, काहीतरी कमी करा." अशा वेळी बहुतेक जण दर खाली आणतात. मी तिला म्हटलं, दर तसाच ठेव, काम कमी होतं का ते विचार. विचारल्यावर कळलं, की अर्जांचे मराठी नमुने संस्थेकडे आधीच छापलेले होते. ती ६ पानं गेली. दहा तक्त्यांत रकाने तेच ते होते, बाकी नुसते आकडे. रकान्यांची नावं एकदाच मराठीत करून द्यायची, आकडे छापखान्यानं भरायचे. त्याचे ठोक ३०० ठरले. उरले ४५०० शब्द, ४५०० रुपये. एकूण ४८००. तिचे तासही २४ च्या आसपास आले, म्हणजे तासाला २०० टिकले.

मग तिनं एका पानावर चार गोष्टी लिहून दोघांची संमती घेतली. पहिली, कुठली पानं करायची आणि कुठली नाही. दुसरी, मजकूर युनिकोडमध्ये मिळेल. छापखान्याला स्वतःच्या फाँटमध्ये हवा असेल तर ते रूपांतर छापखान्याचं. तिसरी, मुद्रितं एकदाच तपासली जातील, आणि मूळ मजकूर नंतर बदलला तर नव्या शब्दांना तोच दर. चौथी, निम्मे पैसे आधी, उरलेले मजकूर पोचल्यावर. छापून झाल्यावर नव्हे, कारण छपाई कधी होईल ते तिच्या हातात नाही.

शब्दांचाही एक निर्णय आधीच झाला. पुस्तिकेत कर्जाबरोबर "पहणी"ची प्रत मागितली होती. संस्थेचं म्हणणं, सरळ सातबारा लिहा. पण सभासदाला कर्नाटकातला कागद आणायचा आहे, महाराष्ट्रातला नाही. म्हणून "पहणी" तसाच ठेवून पहिल्या उल्लेखात एकदा अर्थ द्यायचा, असं ठरलं. असा शब्द शेवटी बदलायचा झाला, तर सगळी पानं पुन्हा चाळावी लागतात आणि त्या तासांचे पैसे कुणी देत नाही.

काम निम्मं झाल्यावर संस्थेनं दोन पानांचे सुधारित नियम पाठवले. शब्द ४५०. तिनं तिसऱ्या कलमाकडे बोट दाखवून बिलात ४५० रुपये वाढवले, आणि ५२५० रुपयांचं ते बिल संस्थेनं घासाघीस न करता चुकतं केलं.