घसारा: आयुष्याचा अंदाज बदलला, तर मागची पाने फाडायची नाहीत

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, अकरावीच्या पुस्तपालनात आपली मुले घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकतात : स्थिर हप्ता आणि घटती शेष. दोन्हींत वर्ष सरले की घसारा धरायचा, मग यंत्र चालो वा न चालो. माझे मत असे, की डहाणू-तलासरीच्या मुलांना तिसरी पद्धतही शिकवावी. तिचे नाव उत्पादन एकक पद्धत. आपल्याकडची भाताची गिरणी कापणीनंतर दिवसरात्र धडधडते आणि एरवी बराच काळ थंड असते. तिची झीज कॅलेंडर पाहून होत नाही, भरडाई पाहून होते. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची दोनमध्येही उपयुक्त आयुष्य वर्षांत किंवा यंत्राकडून अपेक्षित उत्पादनाच्या एककांत मोजता येते, असे म्हटले आहे.

एक कल्पित उदाहरण फळ्यावर मांडू या. समजा, तलासरीत एकाने ३,३०,००० रुपयांचे भरडाईचे यंत्र घेतले. शेवटी भंगाराचे ३०,००० येतील आणि तोवर १०,००० क्विंटल भात भरडून होईल, असा अंदाज. म्हणजे ३,००,००० भागिले १०,०००, क्विंटलमागे ३० रुपये घसारा. पहिल्या वर्षी १,२०० क्विंटल भरडले, घसारा ३६,०००. दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, ९०० क्विंटलच आले, घसारा २७,०००. तिसऱ्या वर्षी १,४०० क्विंटल, घसारा ४२,०००. एकूण ३,५०० क्विंटलवर १,०५,००० गेले, पुस्तकी किंमत उरली २,२५,०००.

आता खरी गोम. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला मेकॅनिक म्हणतो, "शेठ, हे अजून ५,००० क्विंटलच्या वर नाही जायचं." आधीच्या हिशेबाने ६,५०० उरायला हवे होते. मग काय करायचे?

मागच्या तीन वर्षांना हात लावायचा नाही. आजची पुस्तकी किंमत घ्या, २,२५,०००. त्यातून भंगाराचे ३०,००० वजा करा, उरले १,९५,०००. त्याला उरलेल्या ५,००० क्विंटलने भागा. नवा दर ३९ रुपये. चौथ्या वर्षी १,००० क्विंटल भरडले, तर घसारा ३९,०००. बस, इतकेच.

मुले इथे हमखास चुकतात. नवे एकूण आयुष्य ८,५०० क्विंटल झाले म्हणून ती ३,००,००० ला ८,५०० ने भागतात आणि सुमारे ३५.२९ रुपये दर काढतात. चूक पकडायची युक्ती सोपी आहे : यंत्र शेवटपर्यंत चालवून बघा. या दराने ५,००० क्विंटलचा घसारा १,७६,४७१ होतो आणि पुस्तकात ४८,५२९ रुपये उरतात. भंगाराचे तर ३०,००० च आहेत! ३९ च्या दराने मात्र बरोबर ३०,००० उरतात.

"सर, मग आधीचा ३० चा दर चुकलाच ना?" असा प्रश्न येईल. येऊ द्या, धड्याचा गाभा तोच आहे. तेव्हा हाताशी असलेल्या माहितीवर तो अंदाज योग्य होता. नवी माहिती आज आली, म्हणून तिचा परिणाम आजपासून पुढे. पण यंत्राच्या कागदावर ८,५०० लिहिलेले असताना कुणी १०,००० वाचले असते, तर ती चूक ठरली असती आणि तिची दुरुस्ती वेगळी दाखवावी लागली असती. मुलांना एवढेच विचारायला शिकवा : ही गोष्ट तेव्हा कळण्यासारखी होती का?

एक सावधगिरी शिक्षकांसाठी. जुन्या गाइडांत पद्धत बदलल्यावर मागील वर्षांचा घसारा पुन्हा काढायची उदाहरणे सापडतात. तो नियम जुन्या लेखा मानक ६ चा. २०१६ च्या सुधारित लेखा मानक १० नुसार पद्धतीतला बदलही अंदाजातला बदलच मानतात आणि तो पुढेच लागू होतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. उत्पादन शून्य तर घसारा शून्य. डहाणूची मासेमारी बोट १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत किनाऱ्यावर उभी असते. इंजिनाचा घसारा चाललेल्या तासांवर काढणे पटते, पण खारी हवा लोखंड खाते ती बंदी पाहत नाही. घोलवडच्या चिकूचे झाडही फळे मोजून म्हातारे होत नाही. तिथे वर्षांचाच हिशेब बरा. आयकराचा घसाराही वेगळा : बहुतेक व्यवसायांना तिथे ठरवून दिलेल्या टक्क्यांनी घटत्या शेषावरच तो काढावा लागतो.

पालकहो, घरी गिरणी, बोट किंवा टेम्पो असेल, तर मुलाला एक वही द्या. रोजचे क्विंटल, तास किंवा किलोमीटर त्याला लिहू द्या. ही नोंद नसेल, तर ना वर्षाचा घसारा काढता येतो, ना सुधारलेला दर.