वॉर्डातली दहा मिनिटे

रात्रपाळी करणाऱ्या एक परिचारिका भगिनी परवा दवाखान्यात आल्या. शौचाच्या वेळी कापल्यासारखी वेदना आणि मळावर लाल रक्ताची रेघ. तपासले तर फिशर, म्हणजे गुदद्वाराला चीर. वॉर्डात एकट्याच असल्याने त्या शौचाची भावना दाबून ठेवीत, पाणीही मुद्दाम कमी पीत. दाबली की भावना विरते. मळ मात्र आतच राहतो. आतडे त्यातले पाणी शोषत राहते, मळाचा खडा होतो आणि तो बाहेर पडताना चीर पडते.

इसबगोल आणि कोमट पाण्यात बसणे मी सांगितले. पण खरा उपाय ड्यूटीच्या तक्त्यात आहे. खाल्ल्यानंतर आतडे आपोआप हलते. त्या वेळी दहा मिनिटे वॉर्ड सांभाळणारे दुसरे माणूस आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक रुग्णालयाने तक्त्यातच नेमावे. डॉक्टरांनाही हेच लागू.

रक्त मळात मिसळून येत असेल, तर मात्र मूळव्याध समजून थांबू नये, तपासून घ्यावे.