मोबाइल म्हणतो पोहोचले, घरात पार्सल नाही

शनिवारी शाळा सुटून आम्ही घराकडे निघालो होतो, तेवढ्यात मोबाइलवर संदेश आला की तुमचे पार्सल १२.१० वाजता घरपोच दिले. अम्मींसाठी मिक्सर मागवला होता, ३,२९९ रुपयांचा. पैसे यूपीआयने आधीच भरलेले. घरी आलो तर अम्मी दारातच तांदूळ निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "सकाळपासून इथंच बसलेय मी. कुणीसुद्धा आलं नाही."

मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीनेही हाच प्रश्न विचारला होता, म्हणून आमचा अनुभव थोडा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. मोबाइलवर दिसणारे 'डिलिव्हर्ड' म्हणजे पार्सल घेऊन फिरणाऱ्या पोराने आपल्या फोनवर दाबलेले एक बटण. तुम्हाला वस्तू मिळाली याचा तो पुरावा नव्हे, तो त्याने केलेला दावा आहे. दिवसाची पार्सले संपवायची म्हणून कधी तो बटण आधी दाबतो आणि पार्सल संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी आणून देतो. कधी ते खालच्या दुकानात किंवा वॉचमनकडे ठेवून जातो. कधी भलत्याच घरी देतो. आणि कधी खरोखरच ते वाटेत गायब होते. यातले नेमके काय घडले हे घरबसल्या कळत नाही. म्हणून पोराला लगेच चोर ठरवू नये, पण तक्रार मात्र त्याच दिवशी करावी.

आम्ही प्रथम किराणावाल्या चाचांना आणि शेजारच्या दोन घरांत विचारले. मग ॲपमधला ट्रॅकिंगचा पूर्ण तपशील उघडला, कारण वर फक्त एक ओळ दिसते आणि खरी माहिती आत असते: वेळ कोणती, कुणाच्या हातात दिले, ओटीपी घेतला का, फोटो काढला का. आमच्या तपशिलात "स्वतः ग्राहकाला दिले" असे होते. ग्राहक त्या वेळी वर्गात भूगोल शिकवत होते! त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. पार्सल आणणाऱ्याचा नंबर बहुतेक ॲपमधून थोड्या वेळाने निघून जातो, म्हणून फोन करायचा तो तेव्हाच. आम्ही केला, त्याने उचलला नाही.

इथे पुष्कळजण एक चूक करतात. कंपनीचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधतात. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर असतात. "रिफंड देतो, एवढे ॲप उतरवून घ्या," म्हणतात आणि खाते रिकामे करतात. तक्रार नेहमी ज्या ॲपवरून खरेदी केली त्याच्या आतूनच करावी, आपल्या ऑर्डरवर बोट ठेवून. आणि कुणी फसलेच, तर क्षणही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

दुसरी गोष्ट, भांडण कुरिअरशी घालत बसू नये. आपण पैसे दिले ते विक्रेत्याला. वस्तू आपल्या हातात पोहोचवणे ही त्याची जबाबदारी, कुरिअर त्याने निवडलेला. "कुरिअरला विचारा" हे उत्तर मान्य करू नका.

आम्ही त्याच दुपारी "पार्सल मिळाले नाही" हा पर्याय निवडून तक्रार नोंदवली. सोमवारी उत्तर आले: आमच्या नोंदीप्रमाणे पार्सल दिले आहे, तक्रार बंद. अम्मी म्हणाल्या, "गेले पैसे." पण खरे काम इथूनच सुरू होते. भारतात ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत. त्यांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव, संपर्क ॲपवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा. ही माहिती ॲपच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत असते, पण असते.

त्या अधिकाऱ्याला आम्ही ईमेल लिहिला. रागाचा एक शब्द नाही, फक्त चार प्रश्न. पार्सल कुणी घेतले? सही किंवा फोटो आहे का? ओटीपी घेतला असेल तर तो कोणत्या नंबरवर, किती वाजता गेला? बटण दाबले तेव्हा त्या पोराचा फोन कोणत्या ठिकाणी होता? सोबत ऑर्डर क्रमांक, पैसे भरल्याची पावती आणि स्क्रीनशॉट. "मिळाले नाही" एवढेच म्हटले की कंपनी "दिले" म्हणते आणि विषय संपतो. पुरावा मागितला की तो शोधावा लागतो.

चौथ्या दिवशी फोटो आला. फोटोत हिरवे दार आणि दोन पायऱ्या. आमचे दार तपकिरी, तेही दुसऱ्या मजल्यावर. आम्ही आमच्या दाराचा फोटो काढून परत पाठवला. तीन दिवसांनी पूर्ण पैसे खात्यात जमा झाले.

ओटीपी दिलेला असेल तर मात्र बाजू कमजोर होते. आमच्या एका सहकारी बाईंच्या घरी फोन आला, "पार्सल आलंय, नंबर सांगा," आणि सात वर्षांच्या मुलाने तो सांगून टाकला. पार्सल आलेच नाही आणि कंपनी मात्र ओटीपी दाखवत राहिली. पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही, हे घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना सांगून ठेवा.

महिन्यातही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार टाकता येते. फोनवर मराठीत बोलता येते. ही हेल्पलाइन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही, मध्ये पडून तोडगा काढते. हुकूम देतो तो जिल्हा ग्राहक आयोग. तिथे आपल्या राहत्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पैसे कार्डाने भरले असतील तर बँकेकडेही "वस्तू मिळाली नाही" म्हणून वाद नोंदवता येतो. यूपीआयमध्ये ते अवघड, कारण पैसे योग्य खात्यातच गेलेले असतात.

आता त्या हिरव्या दाराचे. पैसे परत आल्यावर आठवडाभराने मागच्या गल्लीतल्या शेख भाभी खोके घेऊन आल्या. नाव तेच, "मशिदीजवळ" ही खूणही तीच. त्यांना वाटले मुलाने मागवले असेल. तो गावाहून आला तेव्हा लेबल वाचले. खोके उघडलेलेसुद्धा नव्हते. अम्मी म्हणाल्या, पैसे आपल्याकडे आले, मग ही दुसऱ्याची अमानत झाली. त्याच ईमेलला उत्तर देऊन आम्ही तसे कळवले, आणि दोन दिवसांनी एक मुलगा येऊन ते घेऊन गेला. त्याच्याकडून पोच मागून घेतली.

नवा मिक्सर मागवताना पत्ता बदलला. आमच्या मोहल्ल्यात मशिदीजवळ राहणारे शेख किमान नऊ घरांत आहेत. आता पत्त्यात लिहिले आहे: किराणा दुकानाच्या वर, दुसरा मजला, तपकिरी दार, आल्यावर फोन करा. मिक्सर बुधवारी आला, दारातच.