हेड बदलावे की प्रिंटरच?

पाठशाळेचे कागद छापताना आमच्या तिरोड्याच्या घरी प्रिंटरच्या काळ्या अक्षरांत पांढऱ्या रेघा उमटल्या. टाकीत शाई होती. दोनदा हेड क्लीनिंग केले, रात्रभर थांबले, तरी नोझल चेकच्या रेघा तुटकच. दुकानदार म्हणाला, "काकू, नवाच घ्या."

मला हे पटत नाही. नवा १२,००० रुपयांचा. सहा वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला २,०००. हेड ४,००० चे; आमचा प्रिंटर तीन वर्षांचा, म्हणजे आणखी तीन वर्षे, वर्षाला सुमारे १,३३३. हेडच स्वस्त!

पण तोच पाच वर्षांचा असता, तर उरलेल्या एका वर्षासाठी ४,००० गेले असते. तेव्हा जुन्याला कवटाळणे काटकसर नव्हे, मोहच.